दाराच्या बेलची बॅटरी

दुकानात बसून ती लोकांच्या पँटी आखूड करायची, पण तिचा जीव घरी, दाराबाहेरच्या खुर्चीत असायचा. त्या खुर्चीत तिचा नवरा. जन्मभर बस चालवली म्हणून सगळी गल्ली त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणायची, आणि आता या माणसाला स्वतःच्या घराची वाट आठवत नव्हती. एकदा तिने बाहेरून कुलूप लावलं, तर त्याने दार बडवून हात रक्ताळून घेतले. पुन्हा कोंडायचा तिला धीर झाला नाही.

मग धाकट्या दिराने दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली. ड्रायव्हर फाटकाकडे गेला की हिच्या फोनवर सूचना, आणि हिचा शेजारणीला फोन. बॅटरी सहा महिने टिकेल असं खोक्यावर लिहिलं होतं, ती तीन आठवड्यांत संपली. विजेच्या वस्तूंचं दुकान चालवणारा दीर डोकं खाजवत आला.

“वहिनी, रस्त्यावरून मांजर गेलं तरी हा कॅमेरा जागा होतो, व्हिडिओ काढतो, पाठवतो. त्यात तुमचा राउटर आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती. सिग्नल पोचवताना याचा दम निघतो.”

त्याने बॅटरी चार्ज केली, राउटर दाराजवळ आणला, रस्ता वगळून फक्त फाटकाची जागा आखली, व्हिडिओ छोटे केले.

“आणि तुम्ही उगाच लाइव्ह उघडून बघू नका. सगळ्यात जास्त बॅटरी त्यात जाते.”

“मी कशाला बघू? मला काय काम नाही?” ती म्हणाली.

खरं तर ती सारखी बघायची. एक शिवण झाली की बघायची, दोरा ओवायच्या आधी बघायची. सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक, हे तिला पटतच नव्हतं. तो खुर्चीत दिसला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. काही आठवड्यांतच बॅटरी कमी असल्याचा इशारा आला, तो तिने बोटाने बाजूला सारला. रात्री लावू चार्जिंगला, म्हणाली, आणि विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइव्ह उघडेना. सिग्नल गेला असेल, नेहमीचंच रडगाणं, असं म्हणून तिने हातातली पँट पुरी केली.

ड्रायव्हर जुन्या बस डेपोसमोर सापडला. रस्ता ओलांडत होता. धडक देणारीही बसच होती.

तेरा दिवसांनी दिराने बेल काढून पाहिली.

“बॅटरी संपली होती,” तो म्हणाला.

“रस्त्यावरच्या गाड्यांनी?”

“नाही वहिनी. ते तर मी बंद केलं होतं.” तिला कळायचं ते कळलं होतं.

तो निघाला तेव्हा तिनेच बॅटरी चार्ज करून बेल परत लावायला सांगितली. खुर्ची तिथेच आहे. फोन मशीनच्या कडेला पालथा पडलेला असतो, ती त्याला हात लावत नाही. बॅटरी आता महिनोन्‌महिने टिकते.