उपासना त्याची, जागा माझी
आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्या पत्रावर मला कॉलेजात जागा मिळाली, त्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याबद्दल ‘उपासनेला नियमित’ असं लिहिलं होतं. नियमित होता तो माझा मित्र, आणि तो बौद्ध होता.

आमचं घर ख्रिस्ती, पण नाताळपुरतं. बारावीची परीक्षा झाली तेव्हा घरात कुणाला माझ्या गुणांची आशा नव्हती. आशा होती ती आमच्या समाजाच्या कॉलेजची. वडिलांनी मला चौकशीला पाठवलं. खिडकीतल्या म्हाताऱ्या कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं.

“आपल्या पोरायसाठी काही जागा वेगळ्या असतात, कमी गुणायवर बी भेटतात. बाप्तिस्म्याचा दाखला लागन, शाळेच्या दाखल्यावर धर्म लिहिला पाहिजे, अन् पाळकायचं पत्र.”

“बाप्तिस्म्याचा दाखला आहे ना. मग पत्र काहून?”

“बाप्तिस्मा तर तुह्या झोपीत झाला असन. मंडळीत येतं का नाही, ते पाळक सांगतीन.”

पाळकसाहेब त्या वर्षी नवेच आले होते. त्यांनी मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, रजिस्टर उघडलं. आमचं कुटुंब त्यात होतं. मी मात्र त्यांना कधी दिसलो नव्हतो. “निकाल लागेपर्यंत दर रविवारी ये. मग पाहू,” म्हणाले.

नागपूरचा मे महिना. रात्रभर गच्चीवर तळमळायचं आणि पहाटे जरा गार झालं की डोळा लागायचा. रविवारची उपासना नेमकी सकाळी सातला. शेवटी मागच्या गल्लीतल्या मित्राला सांगितलं. तो सायकल घेऊन यायचा आणि गच्चीखालून हाक मारायचा.

“ऊठ बे. तुहा देव तुले उठवत नाही, मले धाडते.”

मला डबलसीट घेऊन जायचा आणि बाहेर ऊन म्हणून आत बसायचा. दुसऱ्याच रविवारी गीताच्या पुस्तकातलं पान तो मला काढून देऊ लागला. आवाज चांगला होता. मी ओठ हलवायचो, बाजूला तो मोकळ्या गळ्यानं गायचा. पाळकसाहेब आमच्या बाकाकडे पाहून मान डोलवायचे.

निकाल लागला. त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण. आम्ही दोघांनी त्याच कॉलेजचे फॉर्म आणले. तेव्हा त्यानं विचारलं, “आपल्याजवळ तहसीलचा नवबौद्धाचा दाखला हाये. इथं बी राखीव जागा असतीनच ना? आन् अल्पसंख्याक तर आमी बी हावो.”

कारकुनांनी मला हे आधीच समजावलं होतं. अल्पसंख्याक असून भागत नाही, ज्यांनी कॉलेज काढलं त्या समाजाचा असावा लागतो. आपल्या माणसांच्या जागा सोडल्या की बाकी सगळ्या गुणांवर. सरकारी राखीव जागांची यादी हे कॉलेज लावत नाही. ती दुसऱ्या संस्थांच्या खाजगी कॉलेजात लागते, आणि तसं एक कॉलेज आमच्या घरापासून सायकलच्या दोन पायडलांवर होतं. तिथले फॉर्म त्याच आठवड्यात संपणार होते.

मी म्हणालो, “असतीनच. अन् नसल्या तरी तुले गुणायवर भेटते. तिकडं कायले जातं?”

खोटं बोलायचं कारण एवढंच, की त्याच्याशिवाय मला रोज सकाळी कॉलेजसाठी कोण उठवणार होतं?

त्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. दोन कोरे कागद काढले आणि आधी त्यालाच विचारलं, “तुझा बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत?”

“आमची दीक्षा आहे साहेब. मी व्हायच्या आधीच बाबानं घेतली.”

पाळकसाहेब पोट धरून हसले. एक कागद परत खणात गेला. दुसऱ्यावर त्यांनी माझं नाव घातलं, आणि पुढं नियमित येतो, गीतं मनापासून म्हणतो, असं सगळं लिहिलं. मित्र शेजारी उभा राहून गालात हसत होता. मी पत्र घडी करून खिशात घातलं.

यादी लागली. समाजाच्या जागांत माझं नाव होतं. गुणांची यादी त्याच्या थोडी वरच थांबली होती. त्यानं दोनदा बोट फिरवून पाहिलं.

“वा गा,” तो म्हणाला, “उपासना मी केली अन् परसाद तुले.”

मी हसलो. दुसऱ्या कॉलेजचे प्रवेश तोवर बंद झाले होते. तो हिंगण्याला एका कारखान्यात पाळीवर लागला. पुढल्या वर्षी त्याच दुसऱ्या कॉलेजात त्याला राखीव जागा मिळाली आणि तो शिकला. माझ्यापेक्षा चांगला शिकला. मला सकाळी कुणी उठवलं नाही, आणि पहिल्या वर्षाला मी नापास झालो. त्याला वाटतं, तेव्हा आपलं नशीबच आडवं आलं. अजून नाताळला घरी येतो आणि ती गीतं माझ्या पोरांना म्हणून दाखवतो.

त्याचं एक वर्ष माझ्याकडे आहे. ते परत देता येत नाही. मला तेव्हा सगळं ठाऊक होतं, एवढं सांगायचं देणं मी त्याला लागतो, आणि तेही अजून दिलेलं नाही.