घटत्या पदांची अट

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी दुर्गच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. अधिक-उणे चिन्हं आलटून पालटून येणाऱ्या श्रेणीची बेरीज एका आकड्याशी थांबते का, हे सांगणारी कसोटी शिकवून झाली होती, तरी वर्गात सगळ्यांनी एकच अट लिहिली: पदं शून्याकडे जावीत. पदं घटत जावीत, ही अट मी घसा कोरडा करून सांगितली होती. माझं डोकं फिरलं.

खुर्सीपारहून येणारी एक मुलगी उठली. "सर, पदं शून्याकडे जाऊन राहिली ना? मंग घटत गेली पाहिजे, हे कावून लिहाचं?"

मी फळ्यावर मांडलं: १ − १/२ + १/२ − १/४ + १/३ − १/८ + १/४ − १/१६ ... "एक चतुर्थांशानंतर एक तृतीयांश. पद वाढलं की नाही?"

"वाढलं. पण शेवटी शून्याकडेच चाललं."

"उणे पदांची सगळी बेरीज एकाच्या पुढे जात नाही. आणि १, १/२, १/३, १/४ यांची?"

"ते तर कितीही वाढते." तिनं फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे ही बेरीज कुठंच थांबत नाही."

मी हुश्श करणार, तोच ती म्हणाली, "मंग पदं घटत नसली म्हणजे बेरीज थांबतच नाही?"

मी खडू टेबलावर आपटला. "नाही, बाई. उणे पदं तीच ठेव, अधिक पदं १, १/४, १/९ अशी घे. पदं तिथंही सरळ घटत नाहीत, पण बेरीज थांबते. घट नसली की ही कसोटी काहीच सांगत नाही, इतकंच."

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून एकानं त्या मुलीचाच कालचा पहिला प्रश्न विचारला. मी काही बोलायच्या आत तीच वैतागून फळ्याकडे निघाली.