म्यूट राहणाऱ्या मुलीची फी

गेल्या जूनचा पहिला रविवार, लातूरचं आमचं घर. ठरवायची होती एका कोर्सची किंमत. हजर मी, बायको आणि नांदेडहून आलेला तिचा भाऊ.

बायको तलाठी आणि पोलीस भरतीसाठी गणित शिकवते. क्लासची नोकरी सोडून तिने स्वतःची ऑनलाइन बॅच काढली होती: तीस जागा, लाइव्ह, सहा हजार. सव्वीस जणांनी पूर्ण फी भरली होती. आता तीच लेक्चरं रेकॉर्डेड कोर्स म्हणून विकायची, पण कितीला?

मेहुणा म्हणाला, चारशे नव्व्याण्णव. नांदेडात त्याच्यावरचा आकडा कुणी वाचतही नाही. मी हिशेब मांडला. एक लाइव्ह विद्यार्थी तिकडे वळला, तर त्याच्या जागी रेकॉर्डेडवाले बारा नव्हे, तेरा लागतील. बारांत बारा रुपये कमी पडतात. पेमेंट गेटवेचं कमिशन वेगळंच. मेहुण्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. शेवटी बायकोने दीड हजार ठरवले.

मंगळवारी जळकोटहून एक गृहस्थ मुलीला घेऊन थेट घरी आले. आमच्या भागात सांगितलेली फी सहसा कुणी भरत नाही, समोर बसून कमी करून घेतात. वेबसाइटच्या बटणाशी घासाघीस होत नव्हती, म्हणून ते एसटीने आले होते.

चहा झाल्यावर ते मला म्हणाले, "साहेब, पोरगी लई शांत हाय. लाइव्हला बसंल, पण एक शब्द इचारणार न्हाई. म्यूटच ठेवील. मग तिला रेकॉर्डेडचाच भाव लावा की."

मला यात चूक सापडेना. मी तसं बोलूनही दाखवलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कपबशा उचलल्या. एकाला सवलत दिली, की सव्वीस जण फरक परत मागणार आणि बॅच तिथेच संपणार, हे मला स्वयंपाकघरात गेल्यावर सुचलं.

बाहेर आलो तेव्हा बायको मुलीला टाकी आणि दोन नळांचं गणित समजावत होती. मुलगी मान हलवत होती.

"समजलं?"

"हो मॅडम."

"मग दुसरा नळ गळका असेल तर?"

मुलगी वडिलांकडे बघू लागली. वडील छताकडे.

बायको म्हणाली, "काका, हिचं हे 'हो' व्हिडिओला खरं वाटेल. विचारणाऱ्या पोरांचं कुठेही भागतं. न विचारणाऱ्यांना मी विचारते, त्याचे सहा हजार."

काकांनी विचारलं, लाइव्हवाल्यांना व्हिडिओही मिळतात का. मिळतात, म्हटल्यावर ते सावरून बसले. "मग व्हिडिओ नको आम्हाला. त्याचे दीड हजार वजा करा."

या वेळी मी बायकोने बघायच्या आधीच स्वयंपाकघर गाठलं.

वजावट झाली नाही, हप्ते मात्र मिळाले. त्यांनी तीन हजार तिथेच फोनवरून भरले आणि तीन हजार जुलैत. दोन्ही रकमा बायकोच्या खात्यावर जमा झाल्या.