रजेच्या बदललेल्या तारखा

औंढ्याच्या पंचायत समितीत आस्थापनेचं टेबल माझ्याकडं. म्हणजे सगळ्यांच्या रजेचे अर्ज माझ्या हातून जातात. कुणी तारीख खोडून वर दुसरी लिहिली की मी कागद तिथंच परत करायची. "हे काय किराणा दुकान हाय का?" म्हणायची. जीभ माझी पहिल्यापासून तिखटच.

मग वेळ माझ्यावरच आली. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. डॉक्टरांची तारीख धरून मी पुढच्या महिन्याची अर्जित रजा टाकली, साहेबांनी मंजूरही केली. आणि एका शुक्रवारी तपासणीत डॉक्टरीण म्हणाली, "बीपी वाढलंय. सोमवारी सिझर करू." पोरीनं माझा हात घट्ट धरला. "आई, तू ऱ्हाशील नं?"

तिला घरी सोडून तडक ऑफिस गाठलं. आवक-जावकच्या बाईंना म्हटलं, "माझा जुना अर्ज द्या जरा, तारखा बदलते."

"आवक नंबर पडलाय ताई, आदेशबी निघालाय. तुमीच सांगता नं, नवा अर्ज द्या म्हणून!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई बराबर होती.

नवा अर्ज लिहिला. संदर्भात आधीचा अर्ज आणि मंजुरीचा आदेश टाकला. 'मुलीची प्रसूती अपेक्षेपेक्षा आधी होत असल्याने मंजूर रजा रद्द करून ती सोमवारपासून मंजूर करावी, ही नम्र विनंती.' इथवर ठीक होतं. पण सोमवारपासून शेजारच्या टेबलावरचे लिपिक रजेवर निघाले होते. जवळच्या गोरेगावात राहणाऱ्या त्यांच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आम्ही एकमेकांचा पदभार घेतो, त्यामुळं दोघं एकदम जाऊ शकत नाही. त्यात त्यांचा आधीचा अर्ज मीच खाडाखोडीपायी परत केला होता, आणि म्हातारीचं ऑपरेशन तेव्हा एकदा पुढं गेलं होतं. कोणत्या तोंडानं मागायचं?

तरी मागितलं, तुमची रजा पुढं ढकला म्हणून. रडूच आलं मला.

त्यांनी मोबाईल काढला. आईला फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून म्हातारीचा आवाज मलाही ऐकू आला, "मंग इचारून काहून राहिला? डोळा थांबतो, लेकरू थांबत न्हाई. सही दे तिला."

त्यांनी माझा पदभार घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं आणि स्वतःच्या तारखा बदलायचा अर्जही माझ्यासमोर ठेवला. मी सगळे कागद घेऊन स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेले, सह्या घेऊनच बाहेर आले. सोमवारी नातू झाला. पोरगी शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या उशाशी होते.

महिन्याभरानं म्हातारीचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मी गोरेगावला गेले, मोबाईलवरचा नातवाचा फोटो तिच्यापुढं धरला. तिनं तो नाकाजवळ नेला, मग लांब धरला.

"व्हय, दिसून राहिलं," म्हणाली. "नाक तुझंच हाय. जीभ तेवढी तुझी नको घेऊ म्हणावं."