कुणालाही वाचता येईल असं

दोरखंडांच्या कारखान्यात चाचणी विभागातल्या ताईंनी लिहिलेलं एक्सेलचं सूत्र म्हणजे एकात एक अडकलेले एकोणीस IF, म्हणजे जर-तरचे कंस. अकरा वर्षं त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्यापायी ताईंचीही त्या खुर्चीतून सुटका झाली नाही. आता साहेबांनी फर्मावलं, "पायथनमध्ये घ्या. कुणालाही वाचता येईल असं. पण निकाल तंतोतंत तेच!"

ताईंनी पायथन या संगणकभाषेत फंक्शन लिहून जुन्या नोंदींवर चालवलं. सदतिसाव्या नोंदीवर ते अडलं. ताण मोजायचं यंत्र बिघडलं की रकान्यात आकड्याऐवजी "बंद" लिहायची इथली रीत. शब्दाची आकड्याशी तुलना करायला पायथननं साफ नकार दिला. एक्सेलच्या लेखी मात्र कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. सूत्राचा पहिलाच प्रश्न होता, ताण नव्वदच्या वर आहे का? "बंद" नव्वदच्या वर! म्हणजे न तपासलेला प्रत्येक दोरखंड "उत्तम" ठरून बाहेर गेला होता.

"जुळलं का हो?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"जुळवते," ताई म्हणाल्या, आणि फंक्शनच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं: नोंद शब्दात असेल, तर उत्तर "उत्तम".

सगळे निकाल जुळले. एकोणीस कंसांमागे अकरा वर्षं दडलेली त्यांची चूक आता पहिल्याच ओळीत होती, कुणालाही वाचता येईल अशी.