उकंडा बाबूंचं बारसं

माजलगावातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत उकंडा बन्सी उबाळे हे एकवीस वर्षं लिपिक आहेत. गावात त्यांना उकंडा बाबू म्हणतात. शाळेत मुख्याध्यापक तीनदा बदलले, छप्पर दोनदा बदललं; बाबू आणि त्यांच्या कपाटातलं जनरल रजिस्टर मात्र जागचं हललं नाही. कुणाचा मुलगा अधिकृतपणे कोणत्या नावाने जन्मला, हे त्याच्या आईपेक्षा बाबूंना जास्त नक्की माहीत असे.

आणि ते कडक होते. एखादी बाई दाखला न्यायला आली आणि तिच्या आधार कार्डावर ‘पंचशिला’, रजिस्टरमध्ये ‘पंचशीला’ निघालं, तर बाबू चष्मा कपाळावर चढवून म्हणत, “नावात फरक हाय. दुरुस्त करून आणा.” कुठून, कसं, आधी काय अन् मग काय, हे ते सांगत नसत. ते सांगणं त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांच्या नावाची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या आईची, रतनबाईंची, आधीची तीन लेकरं ऊसतोडीच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत दगावली. चौथा झाला तेव्हा सासूने त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवला, परत उचलून आणला आणि म्हणाली, हा आपला न्हाईच, उकिरड्यावर घावला. उकिरड्याला तिकडे उकंडा म्हणतात, म्हणून हा उकंडा. मरणाला फसवण्याची ही युक्ती लागू पडली. पोरगा जगला, शिकला, कारकून झाला.

पन्नाशीला टेकेपर्यंत त्यांना त्या नावाचं काही वाटलं नाही. वाटायला लावलं ते त्यांच्या मुलीने. ऋतुजा त्याच शाळेत नववीत होती. वर्गावर नवे सर आले. त्यांना पूर्ण नावाने हजेरी घ्यायची शिस्त होती. “ऋतुजा उकंडा उबाळे!” असं म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी कचरागाडीच्या भोंग्याचा आवाज काढायचं. महिनाभर हे चाललं. मग ऋतुजा ‘हजर’ म्हणायची बंद झाली. ती वर्गात बसलेली असे आणि हजेरीपटावर गैरहजर असे. तो हजेरीपट महिनाअखेरीला बाबूंच्याच टेबलावर आला.

“अगं, तू तर रोज येती ना शाळेत?” बाबूंनी घरी विचारलं.

“येते.”

“मग बोलत कावून न्हाईस?”

ऋतुजाने पुस्तकातून डोकं काढलं नाही. “पप्पा, पुढच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म आहे. त्याच्यावर जे नाव छापलं, ते जन्मभर राहील ना?”

हे उत्तर देण्याचा अधिकार तालुक्यात बाबूंइतका कुणाला नव्हता. शाळेत शिकत असेपर्यंत रजिस्टरमधलं नाव बदलता येतं. शाळा सोडली की रजिस्टर दगडाचं होतं. त्यांनी स्वतः किती जणांना हे ऐकवून परत पाठवलं होतं.

“मी नाव बदलतो,” ते म्हणाले. ऋतुजाने त्याच संध्याकाळी ‘आदिनाथ’ सुचवलं. बाबूंनी आरशात पाहिलं. चेहरा आदिनाथाचा वाटेना, पण उकंड्याचा तरी कुठे वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तहसील कार्यालयाबाहेर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. शिक्का गोल आणि ठसठशीत उमटला. बाबूंचा शिक्क्यावर फार विश्वास. आता आपण आदिनाथ झालो, असं समजून ते बँकेत गेले.

बँकेतल्या तरुण बाईंनी कागद उलटा करून पाहिला. “काका, पॅन कार्डावर काय नाव आहे?”

“जुनंच हाय.”

“मग आधी पॅन बदला. नावात फरक चालत नाही.”

एकवीस वर्षांत हे वाक्य बाबूंनी पहिल्यांदाच समोरून ऐकलं. आवाज निराळा होता. बाकी सूर तोच, चष्मासुद्धा तसाच कपाळावर.

घरी येऊन त्यांनी मोबाईलवर पॅन दुरुस्तीचा अर्ज उघडला. आधारवर आधारित, बिनकागदाचा पर्याय निवडला, आदिनाथ असं टाइप केलं. अर्ज नामंजूर. आधारवरचं नाव जुळत नाही. मग ते आधार केंद्रावर गेले, तर तिथल्या माणसाने प्रतिज्ञापत्राकडे नुसतं पाहिलं, हात लावला नाही.

“सगळं नावच बदलायचंय ना? मग राजपत्र लागतंय. गॅझेट. हे न्हाई चालत.”

“शिक्का हाय की त्याच्यावर.”

“शिक्का चांगलाय,” तो माणूस मनापासून म्हणाला. “पण गॅझेट आणा.”

अशा रीतीने आठ दिवसांत बाबू शेवटच्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत व्यवस्थित खाली आले. जाताना प्रत्येक ठिकाणी एकच सांगितलं गेलं: आमच्या आधीचं करून आणा. सगळ्यात आधीचं कोणतं, हे कुणी सांगितलं नाही.

ते सांगितलं दिपालीने. बसस्थानकामागे तिचं महा ई-सेवा केंद्र आहे. बाबूंनी परत पाठवलेली निम्मी माणसं तिच्याकडेच जात, म्हणून ती बाबूंना चांगली ओळखत होती. त्यांना बघून ती खुर्चीतून उठलीच.

“या बाबू! तुम्ही स्वतः?”

“बदलायचंय,” बाबू हळू आवाजात म्हणाले. “माझं नाव. उकंडाचं आदिनाथ. अन् ऋतुजाच्या नावापुढंबी तेच लावायचंय.”

दिपाली हसली नाही. तिने कोरा कागद घेतला आणि लिहीत गेली. “पहिलं गॅझेट. शासनाच्या मुद्रण संचालनालयाच्या साइटवर अर्ज. जुन्या नावाचा ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. ऋतुजा लहान आहे, तिचा अर्ज वेगळा, तुम्ही पालक म्हणून. छापून आलं की उतरवून घ्यायचं. मग दोघांचं आधार. ते केंद्रावर जाऊनच. गॅझेट आणि सोबत जुन्या नावाचं ओळखपत्र, दोन्ही न्यायचं. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून चुकायचं नाही. आधार झालं की पॅन. पॅन झालं की सेवापुस्तक, पगारबिल आणि बँक. आणि जुनं ओळखपत्र फेकू नका. तुम्ही आधी उकंडा होता हे सिद्ध करता आलं, तरच आता आदिनाथ होता येतं.”

“आणि माझी दहावीची सनद?”

“ती जुन्याच नावाची राहणार. सोबत गॅझेटची प्रत जोडायची, जन्मभर.”

मग तिने पेन बाबूंच्या हाती दिलं. “आता नवीन नाव मराठीत अन् इंग्रजीत लिहा. एकदाच. याच्यापुढे सगळीकडे अक्षरन् अक्षर हेच.”

बाबूंनी ‘आदिनाथ’ लिहिलं आणि थबकले. दि ऱ्हस्व की दीर्घ? इंग्रजीत पुढे एक ए की दोन? लोकांच्या वेलांट्या मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या वेलांटीपाशी घाम फुटला. ते कागद घेऊन घरी गेले, शब्दकोश काढला, दोन मराठीच्या शिक्षकांना विचारलं. दोघांचं वेगवेगळं मत पडलं आणि ते एकमेकांशी बोलेनासे झाले. चौथ्या दिवशी ऋतुजाने ‘दि’ पहिली आणि एकच ए, असा निकाल दिला. अर्ज गेला.

तोवर रतनबाईंना घरात कुजबुज कळली होती. त्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. हात थांबले.

“कावून बदलतो रं?”

“पोरीला हसतेत, माय.”

“हसू दे. त्या नावानं तू जगलास. आता नाव काढलं अन् त्याला पत्ता लागला तर?” ‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

बाबूंना कारकुनाला सुचावं तेच सुचलं. “माय, जुनं नाव कुठंच खोडत न्हाईत. गॅझेटात दोन्ही छापतेत. सनदेवर जुनंच राहतंय. आजवर कुणाचा कागद सरकारला एका फेरीत सापडला न्हाई, मग त्याला कुठून सापडंल?”

“मंग बदल,” रतनबाई म्हणाल्या आणि पुन्हा डाळीकडे वळल्या. रात्री त्यांनी ऋतुजाकडून नवीन नाव चार वेळा म्हणवून घेतलं.

गॅझेट एका गुरुवारच्या अंकात आलं. बाबूंनी पानावर स्वतःला शोधलं. जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी, बारीक अक्षरात; खालीच ऋतुजाचं. पुढे सगळं दिपालीच्या कागदाप्रमाणे एकामागून एक सरकलं. दोघांच्या आधारला वेळ लागला, पण झालं. पॅनचा अर्ज या वेळी अडला नाही. नंबर तोच, नाव नवीन. सेवापुस्तकात नोंद झाली, आणि बँकेतल्या त्याच बाईंनी सगळे कागद ओळीने लावलेले पाहून विचारलं, “काका, तुम्ही कुठे नोकरीला आहात? इतकं नीट कुणी आणत नाही.”

आता शेवटचं राहिलं ऋतुजाचं शाळेचं नाव. नियमाप्रमाणे पालकाने मुख्याध्यापकांना अर्ज करायचा, लिपिकाने तो तपासायचा, आणि शाळेने शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा. पालक बाबूच, लिपिकही बाबूच. त्यांनी टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून अर्ज आवक ट्रेमध्ये ठेवला. मग वळसा घालून खुर्चीत बसले, अर्ज उचलला, तपासला आणि लाल पेनाने शेरा मारला: ‘अर्जदाराची सही आधारवरील नावाशी जुळत नाही.’ सवयीने त्यांनी ‘उ. ब. उबाळे’ अशी सही केली होती.

मुख्याध्यापक भागवत सरांनी शेरा वाचला आणि कपाळाला हात लावला. “अहो, स्वतःचाच अर्ज परत पाठवता?”

“नियम हाय सर,” बाबू म्हणाले आणि नवीन सहीने दुसरा अर्ज लिहायला बसले.

प्रस्ताव बीडला गेला. एकदा परत आला, कारण गॅझेटची प्रत साक्षांकित नव्हती. दुसऱ्यांदा मंजूर झाला. बाबूंनी रजिस्टर काढलं, जुन्या नावाशेजारी लाल शाईत नवीन नाव लिहिलं, आदेशाचा क्रमांक आणि दिनांक घातला. मुख्याध्यापकांची सही घेतली. मग संगणकावर विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीतही तेच केलं. दहावीच्या फॉर्मला अजून तीन महिने होते. सोमवारी सरांनी नवीन नाव पुकारलं. मागच्या बाकावरच्या पोराने सवयीने भोंगा वाजवला, पण तो नावाशी जमेना. उलट वर्ग त्यालाच हसला. ऋतुजा ‘हजर सर’ म्हणाली. महिनाअखेरीला बाबूंनी तिचे हजर दिवस दोनदा मोजले.

त्याच आठवड्यात भिमाबाई नावाची बाई नातवाच्या दाखल्यासाठी आली. नातवाचं नाव आधारवर एक, रजिस्टरवर दुसरं. बाबूंनी चष्मा कपाळावर नेला, मग खाली आणला आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली.

“बसा मावशी. आधी काय अन् मग काय, ते लिहून देतो.”

लिहिता लिहिता त्यांना वाटलं, हे भिंतीवरच लावावं. मोठ्या अक्षरात त्यांनी सगळा क्रम लिहिला आणि कार्यालयाच्या दाराशी चिकटवला. तासाभरात भागवत सर आले, वाचलं, मान डोलावली. “लई चांगलं काम केलं. पण याला जावक क्रमांक कुठंय? विनाक्रमांकाची सूचना शाळेत लावता येत नाही.”

आदिनाथ बाबूंनी सूचना उतरवली, जावक नोंदवहीत चढवली, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि दहा मिनिटांत पुन्हा त्याच जागी लावली. तोवर दाराशी चार माणसं कागद घेऊन उभी होती. बाबू परत पाठवतील या भीतीने ती तीन दिवस दारातूनच मागे फिरत होती म्हणे. बाबूंनी पहिल्याला आत बोलावलं.