सगळंच कॅपिटल

शहापूरच्या ऑफिसात आम्ही दोघी गावांची नावं कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत उतरवायचो. तिथे ‘ल’ आणि ‘ळ’ला एकच अक्षर. ‘ळ’ ओळखू यावा म्हणून त्याखाली टिंब द्यावं, तर कीबोर्डवर सोय नव्हती. म्हणून मीच पद्धत ठरवली, ‘ल’ला लहान एल, ‘ळ’ला कॅपिटल. डोळे फोडून काम संपवलं. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून साहेबांनी सगळंच कॅपिटल करून सेव्ह केलं.

मी भडकले. ‘‘अहो, ‘ल’चेही सगळे ‘ळ’ झाले!’’

‘‘त्यात काय, परत लहान करतो,’’ म्हणत त्यांनी बटण दाबलं. झाली लहान, पण सगळीच.

उंबरमाळीची माझी सोबतीण म्हणाली, ‘‘आता गावोगाव फिरा, साहेब. विचारा, तुमच्या गावाला तुमी काय म्हणता?’’